शाळेतील करिअर दिन: मुलांसाठी पाहुण्यांचा परिचय कसा लिहावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करिअर दिनाला बोलावलेले पालक, माजी विद्यार्थी आणि इतर पाहुणे परिचय मागितल्यावर बहुतेक वेळा नोकरीच्या अर्जाला जोडलेला मजकूरच पाठवतात. तिसरी ते पाचवीच्या मुलांसमोर तो वाचला जातो तेव्हा मुले टाळ्या वाजवतात, पण पाहुणे नेमके काय करतात हे त्यांना कळलेले नसते. पुढील उत्तरे अशा पाहुण्यांसाठी आणि परिचय वाचून घेणाऱ्या वर्गशिक्षकांसाठी आहेत. उदाहरण म्हणून सर्वत्र एकच पाहुण्या घेतल्या आहेत, त्या म्हणजे हवामान वेधशाळेत निरीक्षक म्हणून काम करणाऱ्या एक ताई. या ताई नमुन्यापुरत्या कल्पिलेल्या असल्या, तरी त्यांचे काम जसे असते तसेच येथे मांडले आहे.

प्रश्न: परिचय किती मोठा असावा आणि तो कोणी वाचावा?

शंभर ते सव्वाशे शब्द पुरेसे होतात. मोठ्याने वाचायला त्यांना एक मिनिट किंवा थोडे अधिक लागते. शक्यतो त्याच वर्गातील विद्यार्थ्याने वाचावे आणि परिचय लिहितानाच ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एका श्वासात वाचता येईल एवढेच वाक्य कामाचे असते. आठ ते दहा शब्दांच्या वाक्यात तो अडखळत नाही. ‘करण्यात येते’, ‘यांच्यामार्फत केले जाते’ अशी वळणे आली, की काम कोण करते हेच वाक्यातून नाहीसे होते. मुलाला माणूस दिसायला हवा असतो, म्हणून ‘ताई मोजतात’, ‘ताई लिहितात’, ‘ताई तपासतात’ अशी सरळ क्रियापदे ठेवावीत.

प्रश्न: माझा नेहमीचा परिचय सोपा करून दिला तर चालणार नाही का?

अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द ठेवून भागत नाही. आपल्या ताईंचा नेहमीचा परिचय असा आहे: ‘भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी संपादन केल्यानंतर गेली १८ वर्षे हवामान निरीक्षण क्षेत्रात कार्यरत असून पृष्ठीय व उच्चस्तरीय वेध, उपकरणांचे अंशशोधन आणि विदा-गुणवत्ता नियंत्रण यांचा त्यांना प्रदीर्घ अनुभव आहे.’ यात चूक काहीच नाही, आणि खात्यातील सहकाऱ्याला यातून सगळे समजते. परंतु याचेच सोपे रूप म्हणून ‘त्या खूप वर्षे हवामानाचा अभ्यास करतात’ असे लिहिले, तर शब्द सोपे होतात आणि काम मात्र नाहीसे होते, कारण हे वाक्य वेधशाळेतील कोणालाही लागू पडते.

त्याऐवजी प्रत्येक शब्दसमूहासमोर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे काम मी करत असताना खिडकीतून पाहणाऱ्या मुलाला काय दिसेल? पृष्ठीय वेध म्हणजे ताई सकाळी साडेआठ वाजता अंगणातल्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीचे दार उघडून आतले तापमापक वाचतात आणि पर्जन्यमापकात साठलेले पाणी मोजतात. उच्चस्तरीय वेध म्हणजे त्या पहाटे एक मोठा फुगा आकाशात सोडतात. अंशशोधन म्हणजे तापमापक खरे बोलतो आहे ना, हे दुसऱ्या, खात्रीच्या तापमापकाशेजारी ठेवून पाहतात. विदा-गुणवत्ता नियंत्रण म्हणजे वहीतील एखादा आकडा संशयास्पद वाटला, तर तो कुठे चुकला हे शोधतात. ही चार दृश्ये हाती आल्यावर त्यांतील दोन ठेवावीत आणि दोन सोडावीत. चारही घेण्याचा मोह होतो, पण मुलांच्या लक्षात दोनच राहतात.

प्रश्न: चारांपैकी कोणती दोन निवडावीत?

ज्यात एखादी ठरलेली वेळ, एखादी वस्तू आणि एखादे माप आहे, ती निवडावीत. ताईंच्या कामात फुगा आणि पाऊस या दोन गोष्टींत हे तिन्ही आहे.

फुगा घेऊ. देशातील निवडक केंद्रांवरून सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेधासाठी असे फुगे सोडले जातात. जगातील इतर देशांतही याच दोन क्षणांसाठी फुगे वर जातात, त्यामुळे आपल्याकडे पहाट असताना लंडनमधील घड्याळात हिवाळ्यात मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. सगळ्यांनी एकाच वेळी मोजले, तरच पृथ्वीवरच्या हवेचे एक चित्र जुळून येते. फुग्याखाली लोंबकळणारी छोटी डबी तापमान, हवेचा दाब आणि ओलावा मोजते आणि आकडे रेडिओने खाली पाठवत राहते. फुगा मिनिटाला सुमारे तीनशे मीटर वर चढतो. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी होत जातो, म्हणून तो फुगत फुगत जातो आणि सुमारे तीस किलोमीटरच्या आसपास फुटतो. प्रवासी विमाने साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जातात, एवढे सांगितले की मुले मनातल्या मनात तुलना करू लागतात.

यातले सगळे परिचयात घालायचे नसते. फुटण्याचे कारण भाषणासाठी राखून ठेवावे. परिचयात फुगा फुटतो एवढेच आले, की ‘का फुटतो?’ हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात आणि पाहुण्यांना सुरुवात आयती मिळते.

प्रश्न: मोठे आकडे मुलांना कसे समजवावेत?

आकडा मुलाच्या हाताखालच्या वस्तूवर आणून ठेवावा. पावसाचे उदाहरण यासाठी फार सोयीचे आहे. एक मिलिमीटर म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीवरच्या दोन लहान रेघांमधले अंतर. ‘काल दहा मिलिमीटर पाऊस झाला’ याचा अर्थ असा, की पाणी कुठेही वाहून गेले नसते आणि जमिनीत मुरले नसते, तर सगळीकडे एक सेंटिमीटर उंचीचे पाणी साचले असते. मुलाला हे पटते, पण थोडे वाटते. एक सेंटिमीटर म्हणजे काय मोठेसे!

आता हेच वर्गाच्या खोलीवर मोजून दाखवावे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लीटर पाणी होते. वर्गाची खोली सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल, तर तिच्या छतावर तीस चौरस मीटर जागा असते. दहा मिलिमीटर पावसात त्या छतावर तीनशे लीटर पाणी पडते. पंधरा लीटरची बादली धरली, तर वीस बादल्या. पट्टीवरचा एक सेंटिमीटर आणि छतावरच्या वीस बादल्या एकच आहेत, हे कळल्यावर वर्गात जी कुजबुज होते ती पाहण्यासारखी असते. परिचयात मात्र पट्टी तेवढी घ्यावी, कारण बादल्यांचा हिशेब फळ्यावर करायचा असतो आणि खोलीची मापे मुलांनाच टेपने घ्यायला लावायची असतात.

प्रश्न: ठसठशीत उदाहरण देताना काही चुकू शकते का?

हो, आणि बहुतेक वेळा ते उदाहरण फार चांगले जमल्यामुळेच चुकते. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ‘चौथीतल्या मुलाच्या छातीपर्यंत पाणी’ असे कोणी याचे वर्णन केले, तर उंचीचा हिशेब बरोबरच आहे. पण ऐकणाऱ्या मुलाला वाटते, की त्या दिवशी सबंध मुंबईत छातीएवढे पाणी उभे होते. प्रत्यक्षात पाणी उंच भागातून वाहून गेले आणि सखल भागात त्याहूनही अधिक साचले. शिवाय त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे दिवस होते.

म्हणून उदाहरणाबरोबर त्याची अटही सांगावी: ‘पाणी कुठेही गेले नसते, तर’. ही अट सांगायला वेळ नसेल, तर ते उदाहरण परिचयातून काढून टाकावे. भाषणात मात्र सांताक्रूझ आणि कुलाबा यांची जोडी जरूर घ्यावी. पाऊस एकाच ठिकाणी मोजून का भागत नाही, हे तिच्याइतके चटकन दुसरे काही सांगू शकत नाही. एक सावधगिरी आणखी हवी. ज्या वस्तीत अलीकडे पूर आला आहे तेथील शाळेत पाण्याच्या उंचीची उदाहरणे देण्यापूर्वी वर्गशिक्षकांना विचारावे.

प्रश्न: वस्तू बोलते आहे, ढग रुसला आहे, असे लिहिले तर मुलांना आवडणार नाही का?

बालवाडीत आवडेल. चौथीच्या मुलाला ‘डबी आकाशातून ताईंच्या कानात गुपित सांगते’ असे वाचून दाखवले, तर तो हसतो आणि डबी काय करते हे विसरतो. ‘डबी रेडिओने आकडे खाली पाठवते’ हे वाक्य तितकेच लहान आहे आणि खरेही आहे. खरी गोष्ट सोप्या शब्दांत सांगता येत असताना तिला गोष्टीतल्या राक्षस-परीचे कपडे घालण्याची गरज नसते, असे या पानापुरते आमचे मत आहे. काही शिक्षकांना ते कोरडे वाटते.

प्रश्न: एकही तांत्रिक शब्द वापरू नये का?

एक वापरावा आणि तो पाहुण्यांच्या हातात दिसावा. ‘पर्जन्यमापक’ हा जोडाक्षरांचा शब्द कागदावर जड वाटतो, पण समोर टेबलावर भांडे ठेवले असेल आणि ‘पाऊस मोजायचे भांडे, म्हणजे पर्जन्यमापक’ असे म्हटले असेल, तर मुले तो शब्द दिवसभर घोळवतात. आधी वस्तू, मग तिचे काम, आणि शेवटी नाव, हा क्रम पाळावा. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा वेगळीच भाषा बोलणारी मुले वर्गात असतात. त्यांच्यासाठीही हाच क्रम उपयोगी पडतो, कारण वस्तू पाहिल्यावर शब्दाला धरायला जागा मिळते.

प्रश्न: शिक्षण, पदव्या, पुरस्कार हे काहीच लिहायचे नाही का?

पदवीचे नाव लिहून मुलाला काही दिसत नाही. त्याऐवजी त्याच्या वयाची एखादी गोष्ट लिहावी. पुण्याशी जोडलेले एक मोठे नाव येथे आठवते. केरळमध्ये १९१८ साली जन्मलेल्या ॲना मणी १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून त्यांनी काम केले. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करूनही पदव्युत्तर पदवी नसल्यामुळे विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही, आणि तरीही पुढे त्या खात्यात उपमहासंचालक पदापर्यंत पोहोचल्या. आठव्या वाढदिवसाला त्यांनी हिऱ्याच्या कुड्या नाकारून ज्ञानकोशाचे खंड मागितले, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. चौथीच्या मुलांना यातले कुड्यांचे तेवढे कायम लक्षात राहील, कारण आठवा वाढदिवस त्यांनी नुकताच साजरा केलेला असतो.

पाहुण्यांनीही स्वतःबद्दल असेच एक वाक्य द्यावे. ते थोर असण्याची गरज नाही. ‘लहानपणी मी छपराखाली पातेले ठेवून पाऊस साठवायचे’ हे पुरते. मात्र ते घडलेले असावे. मुले नंतर गाठून विचारतात, ‘पातेले केवढे होते?’

प्रश्न: ‘हवामान खात्याचा अंदाज चुकतो’ हा विषय परिचयात टाळावा का?

टाळू नये. मुलांनी घरी हा विनोद ऐकलेला असतो आणि पहिला हात त्यासाठीच वर जातो. शिवाय टाळला, तर एक मोठा गैरसमज तसाच राहतो. फुगा सोडणाऱ्या आणि पाऊस मोजणाऱ्या ताई अंदाज ठरवत नाहीत. त्यांचे आकडे, इतर शेकडो ठिकाणांचे आकडे आणि उपग्रहांची चित्रे एकत्र करून अंदाज ठरवणारे लोक वेगळे असतात. हे एका वाक्यात परिचयात यावे.

ताईंची चूक कशी दिसते, हेही सांगता येते. समजा, पर्जन्यमापकात २.५ मिलिमीटर पाणी होते आणि लिहिताना दशांश चिन्ह राहून गेले, तर वहीत २५ पडले. आपल्या वर्गाच्या छतावर हा फरक पाच बादल्या आणि पन्नास बादल्या एवढा होतो. ही चूक पकडायची कशी? शेजारच्या केंद्रावर दोन-तीन मिलिमीटरच पाऊस असेल, ढगांची नोंद विरळ असेल आणि रात्री ड्युटीवर असलेल्यांनी नुसती भुरभुर लिहिली असेल, तर पंचवीस हा आकडा संशयास्पद ठरतो. अर्थात, सांताक्रूझ आणि कुलाब्याचे उदाहरण आठवले की कळते, की शेजारच्यापेक्षा वेगळा असलेला प्रत्येक आकडा चुकीचा नसतो. म्हणूनच तो खोडायचा नसतो, तर विचारायचा असतो. पाचवीच्या वर्गाला हा खेळ फार आवडतो: फळ्यावर पाच ठिकाणांचे आकडे लिहावेत, त्यांतला एक बिघडवावा आणि कोणता ते ओळखायला सांगावे.

प्रश्न: पूर्ण झालेला परिचय कसा दिसतो?

आपल्या ताईंचा परिचय शेवटी असा झाला:

‘आज आलेल्या ताई हवामान वेधशाळेत काम करतात. आपण झोपेत असतो, तेव्हा त्या कामाला लागतात. पहाटे त्या एक मोठा फुगा आकाशात सोडतात. फुग्याखाली एक छोटी डबी असते. वर किती थंडी आहे, हवा किती ओलसर आहे, ते डबी मोजते आणि रेडिओने आकडे खाली पाठवते. फुगा विमानांच्याही वर जातो आणि मग फुटतो. सकाळी साडेआठ वाजता ताई कालचा पाऊस मोजतात. त्या पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. तुमच्या पट्टीवरच्या दोन लहान रेघांमधले अंतर म्हणजे एक मिलिमीटर. उद्या पाऊस पडेल का, हे ताई ठरवत नाहीत. जे ठरवतात, त्यांना ताई आपले आकडे पाठवतात. एक आकडा चुकला, तरी पुढे गोंधळ होतो. लहानपणी ताई छपराखाली पातेले ठेवून पाऊस साठवायच्या. आज त्यांनी पाऊस मोजायचे भांडे आणले आहे. त्याला पर्जन्यमापक म्हणतात.’

यात पदवी नाही, वर्षांचा अनुभव नाही आणि ‘अथक परिश्रम’ही नाहीत.

प्रश्न: परिचय जमला आहे की नाही, हे आधी कसे कळेल?

कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी त्या वर्गातील एका मुलाला तो एकदाच वाचून दाखवावा आणि विचारावे, ‘या ताई सकाळी उठून काय करतात, सांग.’ मुलाने ‘फुगा सोडतात’ म्हटले, तर परिचय जमला. त्याने ‘हवामानाचे काम करतात’ असे म्हटले, तर दृश्य अजून पोहोचलेले नाही. ‘समजले का?’ असे मात्र विचारू नये, कारण मुले नेहमी हो म्हणतात.

वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडूनही एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. तो जिथे थांबतो, तिथे वाक्य तोडावे. जो शब्द तो दोनदा चुकतो, तो बदलावा. मुलाला पाठ करायला लावू नये, कारण पाठ केलेला परिचय घाईने म्हटला जातो आणि आकडे गिळले जातात.

प्रश्न: मुलांना पर्जन्यमापक घरी करता येईल असे परिचयात सांगावे का?

परिचयात नको, भाषणाच्या शेवटी सांगावे, आणि सांगितले तर नीट सांगावे. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा डबा घ्यायचा, तो झाडापासून आणि भिंतीपासून दूर उघड्यावर सपाट ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाण्याची उंची वाचायची. पट्टीचा शून्य काठापासून थोडा आत असेल, तर तेवढे अंतर मोजमापात मिळवावे लागते, आणि हे मुले हमखास विसरतात. रुंद डब्यात जास्त पाऊस पडतो, असे पुष्कळांना वाटते. रुंद डब्यात पाणी जास्त जमते खरे, पण ते जास्त जागेवर पसरते, त्यामुळे उंची तेवढीच राहते. वर्गात अरुंद आणि रुंद असे दोन सरळ डबे ठेवून पहिल्याच पावसात हे पाहता येते. कढई किंवा निमुळती बाटली मात्र चालत नाही, कारण तोंडाची आणि तळाची रुंदी वेगळी असली, की उंची खोटी निघते.

प्रश्न: परिचय कधी आणि कोणत्या रूपात पाठवावा?

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, म्हणजे मुलाला वाचून पाहायला वेळ मिळतो. अक्षर मोठे असावे, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर असावे आणि आकडे अक्षरांत लिहावेत, कारण ‘९४४’ पाहून वाचणारे मूल थबकते. सेमी-इंग्रजीच्या वर्गातही परिचय मराठीतच ठेवावा आणि मिलिमीटर, रेडिओ, बलून यांसारखे मुलांच्या कानावरून गेलेले शब्द तसेच राहू द्यावेत. पाहुण्यांचे नाव आणि ते कसे उच्चारायचे, हे कागदाच्या वरच्या ओळीत लिहावे. मूल पहिल्याच शब्दाला अडखळले, तर पुढे आवाज खाली जातो.